चार मिनिटांचं बिल

बायको म्हणाली, ऑफिसचं फेसबुकवर लिहू नका. म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. भोसरी एमआयडीसीत आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवते, एवढ्यावरून कुणाला ओळखता आली तर त्याला माझ्याकडून लांडेवाडीत चहा.

वय ५४. अकाउंट्समध्ये २९ वर्षं झाली, त्यातली २२ बिल पासिंगला. हे काम नेमकं काय असतं ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या भाच्यालाही (हिंजवडीत असतो, आयटीत) वाटतं की मामा दिवसभर शिक्के मारतो.

सप्लायरचं बिल आलं की तीन कागद शेजारी शेजारी ठेवायचे. आपण दिलेली ऑर्डर, म्हणजे पीओ. माल आल्यावर स्टोअरने केलेली आवक नोंद, म्हणजे जीआरएन. आणि त्याचं बिल. माल, नग, दर, टॅक्स, सगळं तिन्हीकडे सारखं असेल तर बिल पास. नसेल तर का नाही ते शोधायचं. स्टोअरला फोन, पर्चेसला फोन, सप्लायरला फोन, गरज पडली तर शॉपवर जाऊन स्वतः बघायचं. जुळलं की पास, नाहीतर डेबिट नोट. हे महिन्याला माझ्या टेबलावर साधारण ५५० वेळा. आम्ही चौघं होतो, प्रत्येकाला सप्लायर वाटून दिलेले.

एप्रिलपासून नवीन सॉफ्टवेअर आलं. बिल मेलने येतं किंवा मालासोबत आलेलं स्कॅन होतं, सॉफ्टवेअर ते वाचतं, पीओ आणि जीआरएन स्वतः शोधतं, तिन्ही जुळले की हिरवा टिळा लावतं आणि पेमेंटच्या रांगेत ढकलतं. माणसाचा हात लागत नाही. नाही जुळलं तर लाल होऊन आमच्या स्क्रीनवर येतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही खूश होतो, कारण त्याला काही वाचताच येत नव्हतं. कारण गमतीचं निघालं. स्टोअरमधला पोरगा ‘माल मिळाला’चा शिक्का नेमका बिलाच्या टोटलवर मारायचा आणि मग तेच बिल स्कॅन व्हायचं. आम्ही बावीस वर्षं त्या शिक्क्याखालचा आकडा सवयीने वाचत होतो, आम्हाला कधी अडलं नाही. त्याला सांगितलं, बाबा रे, शिक्का डाव्या कोपऱ्यात खाली मार. दुसऱ्या दिवसापासून निम्मी लाल बिलं हिरवी झाली. म्हणजे आमची खुशी एका शिक्क्याच्या जागेवर उभी होती.

मे महिन्यात एका सोमवारी साडेदहा वाजता माझा ट्रे रिकामा झाला. बावीस वर्षांत हे झालं नव्हतं. दिवाळीच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही. मी काय केलं माहितीये? कपाटातून दोन वर्षांपूर्वीची एक जाड फाईल काढली आणि ती उघडून बसलो. साहेब केबिनमधून बाहेर आले की पान उलटायचो. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. माणूस कामचुकारपणा करताना पकडला जाऊ नये म्हणून नाटक करतो, मी काम संपलं म्हणून नाटक करत होतो.

त्याच सुमारास ‘प्रोसेस’ बघायला दोन मुलं आली. बाहेरच्या कन्सल्टंटची, वागायला अगदी नम्र, मला सर म्हणायची. माझ्या शेजारी बसून त्यांनी मोजलं की एक बिल पास करायला किती वेळ लागतो. दिवसभर बसले असते तर गोष्ट वेगळी होती. ते बसले अकरा ते एक, आणि मीही शहाणा, पाहुण्यांसमोर अडकायला नको म्हणून सोपी सोपी बिलं वर काढून ठेवलेली. सरासरी आली चार मिनिटं. ५५० बिलं गुणिले चार, २,२०० मिनिटं, म्हणजे ३७ तास. आमच्याकडे सहा दिवसांचा आठवडा, महिन्याचे जवळपास २०० तास भरतात. त्यांच्या स्लाईडवर ते दोन आकडे शेजारी शेजारी होते, २०० आणि ३७. खाली काही लिहिलेलं नव्हतं. गरजही नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलीचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, फ्लॅटचे सहा वर्षांचे हप्ते बाकी, आमच्याकडे रिटायरमेंट ५८ ला. या वयात बिल पासिंगचा माणूस नोकरी शोधायला निघाला तर त्याला कोण विचारणार? रात्री दोन वाजता उठून मी डायनिंग टेबलावर बसलो आणि मुलीच्या जुन्या जर्नलची कोरी पानं उरली होती, त्यावर रेघा मारल्या. बिल कुणाचं, हातात कधी घेतलं, कधी सुटलं, का अडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण महिनाभर प्रत्येक बिल लिहिलं. सॉफ्टवेअरने परस्पर पास केलेली सुद्धा मोजली.

महिनाअखेरीला बेरीज केली तेव्हा मीच चकित झालो. ५५० पैकी ४२५ बिलं सरळ होती. ती हातानं केली असती तर खरंच चार-चार मिनिटांत झाली असती. ४२५ चोक १,७०० मिनिटं, साधारण २८ तास. उरलेली १२५ अडलेली. त्यातलं कुठलं वीस मिनिटांत सुटलं, कुठलं दोन दिवस फिरत राहिलं. सगळी मिळून सरासरी ५० मिनिटं, म्हणजे १०४ तास. एकूण १३२.

आता नीट बघा. सॉफ्टवेअरने ४२५ बिलं घेतली. शंभरातली ७७ बिलं झाली. वरच्या मीटिंगमध्ये हा ७७ चा आकडा दाखवला गेला आणि टाळ्या पडल्या. पण माझ्या १३२ तासांतले त्याने घेतले फक्त २८. शंभरातले २१. बिलांची संख्या आणि कामाचे तास यांचं नातं सरळ नाही, आणि बिल पासिंगमध्ये तर ते फारच वाकडं आहे. बिलं मोजाल तर चार माणसांतली तीन जास्तीची वाटतील. तास मोजाल तर चारातलं एक सुद्धा पूर्ण सुटत नाही. मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. ती ४२५ बिलं त्यानेच करावीत, त्यात बुद्धी लागत नाही, मान मात्र आखडते. माझं भांडण आहे ते बिलं मोजून माणसं ठरवण्याशी.

बाकीचे ६८ तास कुठे गेले, असं कुणी विचारेलच. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी, म्हणजे खरेदीच्या बिलांची यादी, येतं. सप्लायरने त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलेली बिलंच त्यात दिसतात, आणि १ जानेवारी २०२२ पासून टू-बीत जे नाही त्याचं जीएसटी क्रेडिट घेता येत नाही. पूर्वी मी एक्सेलमध्ये तीन दिवस व्ही-लुकअप लावत बसायचो, आता ते जुळवणं अर्ध्या तासात होतं. उत्तम. पण जी दहा-बारा बिलं दिसत नाहीत, त्यांचं काय? सॉफ्टवेअर सप्लायरला आपोआप एक इंग्रजी मेल पाठवतं. सप्लायर कुदळवाडीतला, स्वतः मशीनवर उभा राहणारा माणूस, मेल बघतो त्याचा मुलगा, तोही रविवारी. मी फोन करतो आणि बिल का दिसत नाही हे विचारतच नाही. विचारतो, ‘मागच्या महिन्याचं थ्री-बी भरलं का?’ कारण थ्री-बी म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, मागचं राहिलं असेल तर पोर्टल त्याला पुढचं आर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरूच देत नाही, आणि थ्री-बी राहतं ते बहुतेक वेळा हातात पैसे नसल्यामुळे. मग कळतं की त्याचे पैसे आमच्याकडेच अडकलेत, एका जुन्या रिजेक्शनच्या वादात. तो वाद मिटवला की त्याचं रिटर्न भरलं जातं, आमचं क्रेडिट येतं. हे तास बिल पासिंगच्या कुठल्याच स्लाईडवर नसतात.

आता जूनमधली गोष्ट. यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

आमच्या पिना हीट ट्रीटमेंटला बाहेर जातात. जॉबवर्क. (जावक चलनाला आमच्याकडे अजून ‘सत्तावन्न एफ फोर’ म्हणतात. एक्साइजचा तो नियम जाऊन जमाना झाला, जीएसटी येऊनसुद्धा १ जुलै २०१७ पासून इतकी वर्षं झाली, पण नाव सुटत नाही. नवीन पोरांना वाटतं, फॉर्मचा नंबर असेल.) हीट ट्रीटमेंटचा दर असतो किलोवर, १८ रुपये किलो. पिना मात्र आम्ही नगावर मोजतो. एका लॉटला ५,००० पिना. एका पिनचं वजन सिस्टीमच्या आयटम मास्टरमध्ये भरलेलं, ४२० ग्रॅम. म्हणजे लॉटचं वजन २,१०० किलो, बिल ३७,८०० रुपये अधिक जीएसटी. पीओ जुळला, जीआरएन जुळलं, बिल जुळलं. हिरवा टिळा. एप्रिलपासून आठवड्याला एक लॉट, सगळे हिरवे.

जूनमध्ये त्याच पार्टीचं एक बिल तारखेच्या घोळामुळे लाल होऊन माझ्याकडे आलं. तारीख दुरुस्त केली, एक मिनिटाचं काम. पण जुनी खोड, मी मागची पानं उघडली. शेवटच्या पानावर स्टोअरच्या काट्याची चिठ्ठी स्कॅन झालेली होती, ती थर्मल कागदाची, फिकट पडणारी. क्रेटचं वजन वजा जाता १,९२७ किलो. बिल २,१०० चं.

पहिला विचार मनात आला तो चोरीचा. खोटं कशाला बोलू? पार्टी दोनच वर्षांची, मालक तरुण. फोन केला तर तो म्हणाला, ‘काका, मी वजन करतच नाही, तुमच्या चलनावर जे छापून येतं त्यावर बिल करतो.’ चलन काढलं. बरोबर होतं. आमच्याच चलनावर २,१०० छापलेलं.

मग शॉपवर गेलो. लाइनवरच्या सुपरवायझरने पिन हातात दिली आणि म्हणाला, मार्चअखेरीला ड्रॉइंग बदललं ना. गाडीचं वजन कमी करायचं म्हणून कस्टमरने पिनला मधून भोक पाडायला सांगितलं. काट्यावर टाकली, ३८५ ग्रॅम. ड्रॉइंग बदललं, मशीनचा प्रोग्रॅम बदलला, इन्स्पेक्शनचा कागद बदलला, फक्त आयटम मास्टरमधलं वजन कुणी बदललं नाही. ते कुणाचं काम, डिझाइनचं की स्टोअरचं, यावर अजून मेल चालू आहेत.

५,००० पिना गुणिले ३८५ ग्रॅम, १,९२५ किलो. १७५ किलोचे पैसे दर लॉटला जास्त जात होते. ३,१५० रुपये. तोवर ११ लॉट झालेले, ३४,६५० रुपये. कंपनी बुडेल अशी रक्कम नाही, मान्य. पण चूक कशी लपली ते बघा. पीओचं वजन त्याच मास्टरमधून, जीआरएनचं त्याच मास्टरमधून, चलनाचं त्याच मास्टरमधून आणि पार्टीचं बिल त्या चलनावरून. आडात तेच तर पोहऱ्यात दुसरं कुठून येणार? तिन्ही कागद एकमेकांशी जुळत होते, पिनशी जुळत नव्हते. सॉफ्टवेअर ज्याला तीन साक्षीदार समजत होतं, तो एकच साक्षीदार तीन टोप्या घालून आला होता. खरा चौथा साक्षीदार होता ती फिकट चिठ्ठी, आणि ती वाचायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी मी जरा ताठ मानेने घरी आलो हे कबूल करतो. भोसरी ते चिंचवड पूर्ण बसमध्ये मनात ‘बघा, माणूस लागतोच’ असं भाषण चाललं होतं.

ते भाषण पुढच्याच महिन्यात बंद पडलं. सॉफ्टवेअरने जुना डेटा चाळून एक यादी काढली, ‘डुप्लिकेट असू शकतील’ अशी. त्यात माझ्या टेबलावरचं एक बिल होतं. टूलिंगची पार्टी, रक्कम ६४,९०० रुपये. एकदा छापील कागद आला होता, बिल नंबर ४५७. नंतर मेलवर आला, त्यावर नंबर ४५७ च, पुढे आर्थिक वर्ष लावलेलं. जुनी सिस्टीम अगदी तोच नंबर असेल तरच अडवायची, हा वेगळा धरला. आणि मी दोन्ही पास केली होती, नऊ दिवसांच्या अंतराने. जीआरएन एकच असायला हवं होतं, पण स्टोअरनेही दोनदा केलेलं, आणि मी शॉपवर जाऊन बघितलं नाही. पार्टीने गुपचूप ठेवून घेतले होते पैसे, आता परत आले. साहेब काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच यादीत आमच्या चाकणच्या फेऱ्या करणाऱ्या टेम्पोची तीस बिलं होती. तोच ट्रान्सपोर्टर, तेच भाडं, कधी कधी तीच तारीख, कारण दिवसातून दोन फेऱ्या होतात. ती सगळी खरी होती. म्हणजे ते यंत्र एकतीस वेळा ओरडलं आणि एकदाच खरं निघालं. पण ते एकदा माझं होतं.

जुनी माणसं म्हणतात, असे बदल येतच राहतात. खरंय, मीही बघितलेत. आमच्याकडे एक काका फक्त जकातीचं काम बघायचे. नाक्यावरचे सगळे लोक त्यांच्या ओळखीचे, गाडी अडली की हे स्कूटरवरून मोशीला. १ एप्रिल २०१३ ला पुण्या-पिंपरीतली जकात गेली आणि त्यांचं काम एका रात्रीत संपलं. पण जागी एलबीटी आला, तोही समजून घेणारा माणूस लागलाच, काका तिकडे बसले. पुढे जीएसटी आला, सी फॉर्म गोळा करणं गेलं, तर टू-बी आलं. प्रत्येक वेळी सरकार एक कटकट काढून घ्यायचं आणि दुसरी द्यायचं, आणि आमचं पोट त्या कटकटीवर चालायचं. यावेळी तसं नाही. यावेळी फक्त सोपा भाग जातोय आणि अवघड तेवढा उरतोय. दिवसभर फक्त अडलेली बिलंच समोर येतात. पूर्वी चार सोपी, एक अवघड, असा श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता संध्याकाळी डोकं ठणकतं. मुलगी म्हणते, बाबा, तुमचं काम कमी झालं ना, मग दमता का? तिला वही दाखवली.

वही साहेबांनाही दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली, आकडे स्वतः तपासले, दोन ठिकाणी माझ्या बेरजेत चूक काढली. नंतर जे झालं ते असं: चौघांपैकी एकजण डिस्पॅचला गेला, एकाने स्वतःच राजीनामा दिला. मी आणि एक नवीन मुलगी, कॉमर्सची, चोवीस वर्षांची, असे दोघं उरलो. वहीमुळे वाचलो की डिस्पॅचला जागा होती म्हणून, ते मला माहीत नाही.

ती मुलगी हुशार आहे. सॉफ्टवेअर तिला माझ्यापेक्षा दहापट येतं. पण परवा तिने विचारलं, ‘काका, काट्याची चिठ्ठी बघायची हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ कुणी नाही. हजारो सोपी बिलं हाताखालून गेली की वेगळं असलेलं बोटांना लागतं. तिच्या हाताखालून सोपी बिलं जाणारच नाहीत. ती थेट अवघडावर बसली आहे, आणि नेहमीचं कसं दिसतं हेच तिने बघितलेलं नाही. हे मी साहेबांना सांगितलं. रोज वीस हिरवी बिलं, कुठलीही, तिने कागद काढून हाताने जुळवायची, असं आता ठरलंय. कन्सल्टंटच्या मुलांना ते पटलेलं नाही.

आणि एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, इथे सांगतो. पिनांचा घोळ सापडल्यावर मी तो सॉफ्टवेअरवाल्यांना समजावून सांगितला. अर्ध्या दिवसात त्यांनी नियम बसवला. आता चिठ्ठीचं वजन आणि बिलाचं वजन यात शंभराला दोनपेक्षा जास्त फरक असला की बिल लाल होतं. बावीस वर्षांची खोड, अर्धा दिवस. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पार्टीचा असाच घोळ त्या नियमानेच पकडला, मी नाही.

माझ्या वहीच्या मागच्या पानांवर अशा ४१ गोष्टी आहेत. कुठली प्लेटिंगवाली पार्टी पावसाळ्यात वजन जास्त लावते, कुणाच्या बिलात पॅकिंग दोनदा धरलेलं असतं, कुठल्या दोन नावांच्या कंपन्या एकाच घरातल्या आहेत. शनिवारी मीटिंगला साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘अजून काही आहे का असं?’ मी म्हणालो, आठवलं की सांगतो. आतापर्यंत १७ सांगितल्या आहेत. उरलेल्या २४ ची पानं स्टेपल करून ठेवली आहेत. आज दुपारी त्या मुलीने स्टेपल बघितलं आणि काही विचारलं नाही. उद्या सकाळी तिला स्टोअरच्या काट्यावर नेणार आहे. पिन हातात घेऊन वजन करायला, आधी भोक नसलेली, मग भोक असलेली. जुनी एक पिन मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.